रद्द केल्यावरही पैसे कापले? दाद मागताना या चुका टाळा

माझ्या मैत्रिणीने व्यायामाच्या एका अॅपची वर्गणी २६ तारखेला रद्द केली. पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला कार्डावरून पुन्हा पैसे गेले. ती चिडली, आणि त्याच तिरमिरीत तिने बँकेच्या अॅपमध्ये तक्रारीचं कारण निवडलं : ‘हा व्यवहार मी केलेला नाही’. बहुतेकांची पहिली चूक हीच होते, आणि तीच सगळ्यात महाग पडते.

हे कारण चोरीसाठी असतं. ते निवडलं की बँक कार्ड बंद करते, नवीन पाठवते आणि कंपनीकडे खुलासा मागते. कंपनी सरळ दाखवते की याच कार्डावरून, याच ईमेलवरच्या खात्यासाठी दोन वर्षं पैसे येत आहेत. मग चोरी कसली? तक्रार बंद. मैत्रिणीचं नेमकं हेच झालं. खरं तर ‘वर्गणी रद्द केल्यावर आकारणी’ हा वेगळा प्रकार आहे. व्हिसाच्या नियमांत त्याला १३.२ असा स्वतःचा क्रमांकच आहे. बँकेच्या यादीत त्या अर्थाचा पर्याय शोधा. सापडला नाही तर फोन करून याच शब्दांत सांगा.

कार्ड बदललं म्हणून आकारणी थांबेल, या भरवशावरही राहू नका. कार्ड कंपन्यांची अशी व्यवस्था असते की नवीन कार्डाचा नंबर जुन्या वर्गण्यांकडे आपोआप पोचू शकतो. अॅप फोनमधून काढून टाकणं म्हणजेही रद्द करणं नव्हे. फोनच्या अॅप स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथेच जाऊन रद्द करावी लागते.

आता पुराव्याचं. मैत्रिणीकडे स्क्रीनशॉट होता, पण त्यावर एवढंच होतं : ‘तुमची विनंती पूर्ण झाली’. कोणाची, कसली, कधी, काहीच नाही. बँकेत तक्रार तपासणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त तो कागद असतो. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये खात्याचा ईमेल, योजनेचं नाव आणि ‘वर्गणी अमुक तारखेपर्यंत चालू राहील’ ही ओळ यायलाच हवी. ही ओळ माझ्या मते सगळ्यात मोलाची, कारण त्या तारखेनंतरची आकारणी कंपनीच्याच शब्दांनी चुकीची ठरते. फोनवर वरची पट्टी कापू नका, तिथे वेळ असते. तारीख दिसत नसेल तर मूळ फाइल जपा, कारण काढल्याची तारीख तिच्यात नोंदलेली असते. चॅटवरून पुढे पाठवलेल्या प्रतीत ती बऱ्याचदा उरत नाही. आणि हे सगळं लगेच करा. काही ठिकाणी रद्द केल्यावर खात्यातलं ते पानच उघडत नाही.

स्क्रीनशॉटपेक्षा वजनदार असतो पुष्टीचा ईमेल, कारण तो कंपनीने स्वतः पाठवलेला असतो. तो पुसू नका, नुसता फोटोही काढून ठेवू नका. मूळ ईमेल राहू द्या. अर्ध्या तासात असा ईमेल आलाच नाही तर वर्गणी रद्द झाली नसावी असं धरून चला. शेवटच्या पानावर सवलत दाखवतात, ‘थोडे दिवस थांबवा’ असं बटण पुढे करतात, आणि खरं बटण खाली राहून जातं. थांबवलेली वर्गणी पुन्हा सुरू होते, आणि तेव्हाची आकारणी नियमात बसते.

मैत्रिणीला वाचवलं ते अशाच ईमेलने. त्यात २६ तारीख होती, संदर्भ क्रमांक होता आणि मुदत ३० तारखेला संपते असं लिहिलं होतं. तिने आधी कंपनीला लेखी कळवलं : रद्द केल्याची तारीख, आकारणीची तारीख, रक्कम, आणि पैसे परत करा. चारच ओळी. उत्तर आलं की रद्द करण्याची विनंती नूतनीकरणानंतर आली. हे उत्तरही तिने जपलं, कारण कंपनीच्या स्वतःच्या ईमेलशीच ते जुळत नव्हतं. दोन्ही जोडून तिने बँकेकडे योग्य कारणाखाली पुन्हा अर्ज केला आणि पैसे परत आले.

कंपनीचं असं उत्तर कधी खरंही असतं. सर्व्हरची वेळ तुमच्या घड्याळाशी जुळत नाही, म्हणून शेवटच्या रात्री रद्द केलेलं तिथे दुसऱ्या दिवशीचं ठरू शकतं. काही ठिकाणी नूतनीकरणाच्या २४ तास आधी रद्द करण्याची अट असते. अट पाळली नसेल तर त्या एका फेरीचे पैसे बँकेकडून मिळणं अवघड. तेव्हा कंपनीलाच विनंती करून पाहावी. रद्द केल्यावर सेवा वापरत राहू नका, कारण मुदतीनंतरची लॉगिनची नोंद कंपनी हमखास पुढे करते.

कंपनीच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका. व्हिसाच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँक ग्राहकाला त्याहून कमी दिवस देऊ शकते. आकारणी अजून ‘प्रलंबित’ दिसत असेल तर ती पक्की होईपर्यंत बँक सहसा तक्रार घेत नाही. ते दोन-चार दिवस कंपनीला लिहिण्यात घालवा.