नेकलाईन तुटण्याआधी वहीत काय लिहून ठेवावे

हेड अँड शोल्डर्स, म्हणजे मधला सर्वात उंच असे तीन उंचवटे, चार्टवर दिसले की हात शिवशिवतात. पण सौदा टाकण्याआधी काही आकडे कागदावर उतरलेले हवेत, कारण उंचवट्यांमधल्या खळग्यांना जोडणारी रेघ, म्हणजे नेकलाईन, तुटते त्या दिवशी डोके थंड नसते. ही तयारी मी एका जुन्या चार्टवर करून दाखवतो. चार्ट आहे २००९ च्या उन्हाळ्यातला अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक. तो निवडला, कारण त्या जुलैत हा पॅटर्न जगभरच्या ट्रेडर्सनी पाहिला, तो तुटलाही, आणि तरी फसला.

सर्वात आधी पॅटर्नच्या मागे काय आहे ते पाहा. हा तेजी उलटवणारा पॅटर्न आहे, म्हणजे उलटायला आधी तेजी हवी. मार्च २००९ मध्ये निर्देशांक ६६६ पर्यंत घसरला होता आणि जूनमध्ये ९५६ वर पोहोचला, त्यामुळे ही अट पूर्ण होती. एखादा शेअर सहा महिने त्याच पट्ट्यात वर-खाली करत असेल, तर त्यात दिसणारे तीन उंचवटे मी सोडून देतो. तिथे मोडायला काही नसते.

मग पाच बिंदूंचे भाव लिहा. डावा खांदा मेच्या सुरुवातीला ९३० च्या आसपास. त्यानंतरचा खळगा मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सुमारे ८७९. डोके ११ जूनला ९५६. दुसरा खळगा २३ जूनला सुमारे ८८९. उजवा खांदा १ जुलैला ९३२ च्या जवळपास. शेअरचा चार्ट असेल तर व्हॉल्यूमही बघा. डाव्या खांद्यापेक्षा उजव्या खांद्याच्या चढणीला व्हॉल्यूम कमी असावा, म्हणजे वरच्या भावाला घेणारे आटत चालले आहेत असे म्हणता येते.

आता नेकलाईन. ती दोन खळग्यांतून जाते, आणि ती क्वचितच सपाट असते. इथे ती चढती आहे. साधारण बावीस सत्रांत दहा अंक, म्हणजे दिवसाला अर्ध्या अंकाहून किंचित कमी. हे गणित करून ठेवा, कारण तिरकी रेघ रोज वेगळ्या भावावर असते. डोक्याखाली ती ८८५ च्या आसपास होती आणि ७ जुलैला ८९३ च्या आसपास.

टार्गेट काढताना बहुतेकांची चूक इथेच होते. डोक्याची उंची सरळ उभ्या रेषेत, डोक्याच्या बरोबर खाली नेकलाईन असेल तिथपर्यंत मोजायची. ९५६ वजा ८८५, म्हणजे ७१ अंक. हे ७१ नेकलाईन जिथे तुटली त्या भावातून वजा करायचे. ८९३ वजा ७१, म्हणजे ८२२. कोणी खालच्या खळग्यापासून मोजून त्या खळग्यातूनच वजा करतो, मग ७७ ची उंची आणि ८०२ चे टार्गेट येते. रेघ जितकी तिरकी, तितका हा फरक वाढत जातो.

७ जुलैला निर्देशांक ८८१ वर बंद झाला. नेकलाईन क्लोजिंगला तुटली, दिवसातल्या नुसत्या सुईने नाही. तरीही इथे थांबून दोन गोष्टी तपासायला हव्या होत्या.

पहिली, जोखीम. पुस्तकी स्टॉपलॉस उजव्या खांद्याच्या वर, म्हणजे ९३२. ८८१ ला विकले तर ५१ अंकांची जोखीम आणि ८२२ पर्यंत ५९ अंकांचा फायदा. जवळजवळ एकास एक. एवढ्यावर मी सौदा घेत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चढती नेकलाईन लवकर तुटते, आणि ती तुटली तरी भाव पहिल्या खळग्याच्या वरच असू शकतो. ८८१ हा ८८९ च्या खाली होता, पण ८७९ च्या खाली नव्हता. रेघ आपण काढलेली असते. ज्या भावाला मे महिन्यात लोकांनी खरोखर खरेदी केली, तो ८७९ होता. ८ जुलैला दिवसभरात ८६९ पर्यंत घसरण झाली, पण बंद झाला तो पुन्हा ८७९-८८० च्याच आसपास. १० जुलैलाही ८७९ वरच. तीन दिवस विकणारे होते, तरी त्या भावाखाली ठाम बंद मिळाला नाही. म्हणून चढत्या नेकलाईनसाठी वहीत दोन भाव लिहा: रेघेचा आणि खालच्या खळग्याचा. दुसऱ्या भावाखाली क्लोजिंग मिळेपर्यंत पूर्ण पोझिशन नको.

उतरत्या नेकलाईनचा त्रास उलटा. समजा डोके ५६०, पहिला खळगा ५००, दुसरा ४८०, उजवा खांदा ५३०. रेघ अशी खाली पळते की भाव तिला छेदेपर्यंत ४६५ झालेला असतो. डोक्याखाली रेघ ४९० वर, म्हणजे उंची ७० आणि टार्गेट ३९५. पण स्टॉपलॉस ५३० वर ठेवला तर जोखीम ६५. शिवाय डोक्यापासून ९५ रुपये पडून गेल्यावर आपण विकायला निघालो. अशा चार्टमध्ये मी रेघेची वाट पाहत नाही, ४८० च्या खालचा बंद हीच माझी खूण.

टार्गेटच्या वाटेत जुना आधार कुठे आहे तेही आखून ठेवा. ७१ अंकांच्या मापाला आधीच्या तळाची किंवा गॅपची काही कल्पना नसते. आणि आधीची तेजीच ५० रुपयांची असेल तर ७० रुपयांच्या घसरणीचे टार्गेट धरू नये.

आपल्याकडच्या दोन बाबी. कॅश मार्केटमध्ये नसलेला शेअर विकून दुसऱ्या दिवशी नेता येत नाही, त्यामुळे हा सौदा फ्युचर किंवा पुटमध्येच होतो आणि एक्स्पायरी किती दिवसांवर आहे ते टार्गेटइतकेच महत्त्वाचे ठरते. डिलिव्हरीवाल्यासाठी हा बाहेर पडण्याचा इशारा. दुसरी बाब म्हणजे तारखा. एका शेअरची नेकलाईन तुटली म्हणून मी एकदा शॉर्ट केले, आणि संध्याकाळी कळले की तो मोठ्या लाभांशाचा एक्स-डेट होता, म्हणजे त्या दिवसापासून शेअर लाभांशाविना विकला जात होता. भाव तेवढ्याने खाली उघडला होता, विकणारा कोणी नव्हताच. तेव्हापासून एक्स-डेट आणि निकालाची तारीख आधी लिहितो. २००९ मध्येही तुटणे आले ते तिमाही निकालांचा हंगाम उघडण्याच्या तोंडावर. १४ जुलैच्या संध्याकाळी इंटेलचे चांगले निकाल आले.

शेवटची नोंद, पॅटर्न फसला हे कोणत्या भावाला मान्य करायचे. उजव्या खांद्याची वाट पाहणे महाग पडते. तुटल्यानंतर भाव खालून नेकलाईनला येऊन टेकणे नेहमीचे आहे, पण तिच्या वर बंद झाला तर ते टेकणे राहत नाही. सोमवारी १३ जुलैला निर्देशांक ९०१ वर बंद झाला. रेघ तेव्हा ८९५ च्या आसपास होती. ८८१ ला विकलेल्याने तिथे सोडले असते तर २० अंक गेले असते. ९३२ पर्यंत थांबणाऱ्याचे ५१ गेले, आणि तेही दोनच दिवसांनी, १५ जुलैला. अडकलेल्या शॉर्टवाल्यांना परत घ्यावेच लागते, त्यामुळे फसलेला हेड अँड शोल्डर्स झपाट्याने वर पळतो. २३ जुलैला निर्देशांक ९७६ वर बंद झाला, डोक्याच्याही २० अंक वर.