ट्रॅक्टर सालगडी चालवतो आणि भरपाई मालकाच्या अंगावर येते, या चुका टाळा

कापसाच्या सीझनमध्ये रात्रीच्या रस्त्यावर टेललाईट नसलेल्या ट्रॉल्या किती दिसतात हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, आणि दरवर्षी त्यातल्या एखादीला मागून मोटरसायकल धडकते हेही माहीत आहे. पुढं कोर्टात काय होतं ते मात्र मालकाला नोटीस हातात पडेपर्यंत कळत नाही. तिथं त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "म्या तं घरी होतो, मले काहून बोलावता?" म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण याच एका वाक्यावर भरवसा ठेवून लोक आपलं वावर धोक्यात घालतात.

कायदा थोडक्यात असा. नोकरानं मालकाचं काम करता करता कोणाचं नुकसान केलं तर नोकर जबाबदार असतोच, पण त्याच्यासोबत मालकही जबाबदार असतो, मालकाची स्वतःची काडीची चूक नसली तरी. काम मालकाचं, फायदा मालकाचा, माणूस मालकानं निवडलेला, म्हणून त्या कामातून झालेल्या नुकसानीचा भारही मालकावर, असा त्यामागचा विचार आहे. ही जबाबदारी भरपाईची आहे बरं, ड्रायव्हरच्या हयगयीसाठी मालकाला त्याच्या जागी जेलात टाकत नाहीत. लायसन नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली तर मात्र तो मालकाचा स्वतःचा वेगळा गुन्हा होतो.

एक केस धरून चालू म्हणजे समजायला सोपं जाईल. समजा समुद्रपूर तालुक्यातला एक शेतकरी आहे, गुढीपाडव्याला ठरवलेला सालगडी आहे, तोच ट्रॅक्टर चालवतो. कापूस हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये खाली केला, नंबर लागता लागता रात्र झाली आणि परत येताना ट्रॉलीचा टायर पंक्चर झाला. गड्यानं ट्रॉली रस्त्यावरच सोडली, अर्धी डांबरावर अर्धी साईडपट्टीवर, चाकाला दोन दगड लावले, ट्रॅक्टरचं मुंडकं सोडवलं आणि टायर घेऊन पंक्चर काढायला गेला. जाता जाता साळ्याच्या गावात जेवायला थांबला. तेवढ्यात मागून मोटरसायकलवाला आला, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, मागं लाईट नाही, आदळला आणि गेला. वय 35, घरी बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

पहिली चूक: "मी त्याला सांगितलं होतं" यावर विसंबणं

मालक म्हणतो मी गड्याला शंभरदा सांगितलं की रस्त्यावर गाडी उभी करायची नाही. खरंही असेल, पण त्यानं सुटका होत नाही. कोर्ट बघतं की गडी जे करत होता ते त्याला दिलेलं काम होतं का. काम होतं कापूस पोचवून ट्रॅक्टर-ट्रॉली घरी आणणं, पंक्चर झाल्यावर ट्रॉलीचं काय करायचं हाही त्याच कामाचा भाग, त्यानं ते चुकीच्या पद्धतीनं केलं इतकंच. दिलेलं काम सांगितलेल्या पद्धतीनं न करणं वेगळं आणि न दिलेलं काम करणं वेगळं, सगळी केस या फरकावर फिरते. 1862 सालच्या इंग्लंडमधल्या एका केसमध्ये बसकंपनीनं ड्रायव्हरांना लेखी बजावलं होतं की दुसऱ्या बसला आडवं जायचं नाही, तरी एकजण गेला आणि कंपनीलाच भरपाई द्यावी लागली. आपल्या कोर्टांचा विचारही त्याच वाटेनं चालतो.

"ट्रॅक्टर तर तिथं नव्हताच, नुसती ट्रॉली होती" हेही चालत नाही. कायद्यात ट्रॉली म्हणजे ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, आणि बंद उभी असली तरी तो अपघात वाहनाच्या वापरातूनच झाला असं धरतात.

दुसरी चूक: "तो स्वतःच्या कामाला गेला होता" हे कुठंही लावणं

हा बचाव खोटा नाही, पण तो कधी लागतो ते नीट समजून घ्या. आपल्या केसमध्ये गडी साळ्याकडं जेवायला गेला ते मालकाचं काम नव्हतं हे मान्य. पण मोटरसायकलवाला मेला तो ट्रॉली अंधारात सोडल्यामुळं, आणि ट्रॉली सोडली तेव्हा गडी मालकाच्याच कामावर होता. आधी हे शोधा की नुकसान नेमकं कोणत्या कृतीतून झालं, आणि त्या घडीला माणूस कामावर होता का. वाटेत चहाला थांबणं, थोडा फेरा घेणं यानं कामाचा धागा तुटत नाही. तोच गडी रविवारी न विचारता ट्रॅक्टर काढून पोरांना घेऊन जत्रेला गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

सुप्रीम कोर्टाच्या दोन केसेस शेजारी ठेवल्या की ही रेघ स्पष्ट दिसते. 1966 च्या केसमध्ये मालकानं टॅक्सी धंद्यासाठी एका माणसाकडं सोपवली होती, त्यानं ती क्लिनरला लायसनच्या टेस्टसाठी नेऊ दिली आणि अपघात झाला. ते मालकाचं कामच नव्हतं म्हणून मालक सुटला. दुसरी केस तर आपल्याच भागातली, 1977 चा रणजित जिनिंगचा निकाल. कंपनीची कार कंपनीचाच मॅनेजर चालवत होता, नागपूरहून पांढुर्ण्याकडं जाताना गाडी झाडावर आदळली आणि सोबत बसवलेला माणूस गेला. कोर्ट म्हणालं मॅनेजर कंपनीच्या कामानं निघाला होता, वाटेत कोणाला सोबत घेतलं म्हणून काम संपत नाही, कंपनीनं भरपाई द्यावी. तेव्हा गड्यानं ट्रॉलीत चार माणसं बसवली तर "मी बसवा म्हटलं नव्हतं" हे उत्तर फार लांब नेत नाही. आणि ट्रॅक्टरवर सीट एकाचीच असते, बाकी बसलेल्यांचा विमा बहुतेक वेळा नसतोच, म्हणजे तो पैसा मालकाच्या खिशातून जायची भीती जास्त.

तिसरी चूक: ड्रायव्हर बदलणं

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते असं माझं स्पष्ट मत आहे. गड्याकडं लायसन नाही म्हणून अपघातानंतर गावातलाच कोणीतरी लायसनवाला ठाण्यात उभा करायचा, "हाच चालवत होता" म्हणून. सल्ला देणारे तर भरपूर भेटतात. पण पंक्चरवाल्यानं गड्याला पाहिलेलं असतं, जिनिंगच्या गेटवर नोंद असते, मोबाईलचं लोकेशन असतं, आणि विमा कंपनीचा माणूस गावात येऊन हे सगळं विचारून जातो. उलटतपासणीत उभा केलेला माणूस टायर कोणत्या बाजूचा फुटला इथंच अडकतो. मग लायसनचा मुद्दा तर जातोच, पण मालकाच्या इतर खऱ्या गोष्टींवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही, आणि खोटा पुरावा दिल्याची भानगड मागं लागते ती वेगळीच.

खरं सांगितलं तर निदान एक रस्ता उघडा राहतो. सुप्रीम कोर्टानं 2004 च्या स्वरणसिंग केसमध्ये सांगितलंय की लायसन नाही किंवा खोटं आहे एवढ्यानं विमा कंपनी सुटत नाही, मालकानं ड्रायव्हर ठेवताना योग्य काळजी घेतली नाही हेही तिला सिद्ध करावं लागतं. म्हणून गडी ठरवतानाच त्याचं लायसन बघा, parivahan.gov.in वर नंबर टाकून तपासा, झेरॉक्स आणि तपासल्याची प्रिंट घरी ठेवा. हा कागद पुढं तुमच्या कामी येतो. मुळात लायसनच मागितलं नाही असा मालक मात्र इथं उघडा पडतो.

चौथी चूक: "इन्शुरन्स आहे, कंपनी बघून घेईल" म्हणून तारखेला न जाणं

आधी पैसा किती होतो ते पाहू म्हणजे अंदाज येईल. आपल्या केसमधला माणूस महिन्याला 12,000 कमवत होता असं धरा. वर्षाचे झाले 1,44,000. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा करणारा, म्हणून पुढं वाढली असती त्या कमाईपोटी 40 टक्के जोडतात, झाले 2,01,600. चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा, उरले 1,51,200. वय 31 ते 35 ला गुणक 16, म्हणजे 24,19,200. अंत्यविधी, कुटुंबाच्या आधाराची रक्कम आणि व्याज वेगळं. मोटरसायकलवाल्याचीही 25 टक्के चूक निघाली, समजा स्पीड जास्त होता, तरी 18 लाखांच्या वर जातंच.

पॉलिसी धडधाकट असेल तर हे कंपनी भरते. पण ट्रॉलीचा उल्लेख पॉलिसीत नसला, किंवा शेतीच्या वापराची पॉलिसी असताना त्या दिवशी भाड्यानं वीटभट्टीची माती नाहीतर गिट्टी भरली असली, तर कंपनी हात वर करते. तेव्हा कोर्ट कधी कधी आदेश देतं की कंपनीनं आधी वारसांना पैसे द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे. तारखेला मालकच हजर नसेल तर ट्रॉली घरच्या कापसाला गेली होती, लायसन तपासलं होतं, हे सांगणार कोण? कंपनीचा वकील त्याच्या कंपनीसाठी असतो, तुमच्यासाठी नाही, उलट पॉलिसीच्या अटी तुम्ही मोडल्या हे दाखवण्यातच त्याचा फायदा. निकाल एकतर्फी लागतो आणि रक्कम भरली नाही तर कोर्टाच्या दाखल्यावर कलेक्टरकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते, म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत येते. नोटीस आली की आपला वेगळा वकील लावा, लेखी जबाब द्या, सोबत पॉलिसी, आरसी, लायसनची झेरॉक्स आणि जिनिंगची काटापावती लावा. त्या पावतीवर माल कोणाचा आणि किती वाजता खाली झाला ते असतं, अशा केसमध्ये तो चांगला पुरावा होतो.

ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट दुसऱ्याच्या वावरात नांगरायला किंवा थ्रेशरवर दिला तर जबाबदार कोण, हे लय लोक विचारतात. काम कुठं करायचं ते भाड्यानं घेणारा सांगतो, पण गाडी कशी चालवायची ते तो ठरवत नाही आणि ड्रायव्हरचा पगार तुम्ही देता, म्हणून जबाबदारी साधारणपणे तुमच्याकडंच राहते. ती दुसऱ्याकडं सरकवायची असेल तर ड्रायव्हरवर त्याचा पूर्ण ताबा होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि एका दिवसाच्या भाड्यात ते सहसा होत नाही. ट्रॅक्टर विकला आणि आरसी नावावरून काढली नाही तर त्याहून वाईट, कारण कोर्ट आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतं, स्टॅम्पपेपरवरची सौदाचिठ्ठी दाखवून सुटका होत नाही.

निकाल विरोधात गेलाच तर 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, आपल्यासाठी नागपूर खंडपीठ. त्याआधी 25,000 किंवा निकालाच्या रकमेचा अर्धा भाग, जे कमी असेल ते, भरावं लागतं. भरलेली भरपाई गड्याकडून वसूल करायचा हक्क कागदावर आहे, पण सालाच्या पैशावर जगणाऱ्या माणसाकडून 18 लाख कसे निघणार, तो हिशोब धरून कोणी बसू नका.