एआयला गावचा इतिहास विचारताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रश्नातच उत्तर गृहीत धरून विचारणं. जत्रा आणि गणपतीच्या दिवसांत स्मरणिकांची प्रूफं माझ्याकडे येतात, आणि हल्ली दर दुसऱ्या स्मरणिकेत ही चूक सापडते. पोरं हुशार आहेत पण घाई फार, लेख उद्या प्रेसला द्यायचा म्हणून आज रात्री चॅटबॉट उघडतात.

डिचोली तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाचं उदाहरण देतो. कमिटीतल्या एका तरुणाने विचारलं होतं, 'आमच्या मंडळाने १९५९ साली केलेल्या संगीत नाटकाची वर्तमानपत्रांत आलेली परीक्षणं सांग.' उत्तर एकदम झकास आलं. दैनिक 'गोमंतक'मधलं परीक्षण, त्यातली दोन वाक्यं अवतरणात, गायक नटाचं कौतुक, ऑर्गनच्या साथीचा उल्लेख, सगळं जागच्या जागी. पोरगा खूश होऊन म्हणाला, 'काका, बघा कसली नोंद मिळाली!' मी म्हटलं बाबा, गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला आणि 'गोमंतक' निघाला १९६२ साली, मग १९५९चं परीक्षण त्यात छापलं कुणी? पेपरच जन्माला आला नव्हता. ते पान छापून गेलं असतं तर पुढच्या स्मरणिकेवाल्यांनी तेच उचललं असतं आणि पंचवीस वर्षांनी तो मंडळाचा अधिकृत इतिहास झाला असता. मला याचाच राग येतो.

आता हे झालं कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप पटेल. चॅटबॉटच्या आतलं मॉडेल कुठली फाइल उघडून नोंद शोधत नाही. आतापर्यंतच्या मजकुरानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त ते ठरवत ते एकेक तुकडा लिहीत जातं. गोवा, मराठी नाटक, वर्तमानपत्र, परीक्षण हे शब्द एकत्र आले की त्यांच्या शेजारी 'गोमंतक' हे नाव येणं साहजिकच, कारण वाचलेल्या मजकुरात ती जोडी पुन्हापुन्हा आलेली असते. साल जुळतं की नाही हे तपासायची वेगळी पायरी तिथे नसते. गोवा कधी मुक्त झाला विचारलंत तर बरोबर सांगेल कारण ते हजारो ठिकाणी लिहिलेलं आहे, पण तुमच्या वाड्यावरच्या मंडळाचा १९५९चा प्रयोग इंटरनेटवर कुणी कधी लिहिलेलाच नाही, तरी उत्तराचा सूर दोन्हीकडे सारखाच ठाम. लोक सोप्या प्रश्नांवर विश्वास कमावलेला बघतात आणि तोच अवघड प्रश्नावर खर्च करतात.

आणि 'माहीत नाही' का म्हणत नाही? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी २०२५ साली यावर पेपर काढला, त्यातला मुद्दा मला एकदम पटला. मॉडेलांच्या बहुतेक चाचण्यांमध्ये 'माहीत नाही'ला शून्य आणि चुकीच्या उत्तरालाही शून्य, मग पर्यायी प्रश्नांच्या पेपरात पोरं रिकामं न सोडता काहीतरी टिक करून येतात तसं मॉडेलही अंदाज ठोकायला शिकतं. त्यात तुम्ही प्रश्नातच 'परीक्षणं आली होती' असं सांगून टाकलंत, म्हणजे नाही म्हणायची वाटही तुम्हीच बंद केली.

माझी सवय अशी की आधी आपल्याकडचा कागद द्यायचा, मग प्रश्न. त्या मंडळाकडे इतिवृत्ताची वही होती, एक जुनं हँडबिल होतं, ते कपाटात आणि पोरगा चॅटबॉटवर! वहीतली त्या वर्षांची पानं टाइप करून घेतली, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि खाली हे लिहिलं:

```
वर दिलेल्या मजकुरातूनच उत्तर दे, बाहेरची माहिती घालू नकोस.
प्रत्येक उत्तराखाली ते ज्या वाक्यावर आधारलंय
ते वाक्य जसंच्या तसं आणि तुकड्याचा नंबर दे.
मजकुरात नसेल तर फक्त "नोंद नाही" असं लिही.
1. १९५९ साली कुठल्या प्रयोगाची नोंद आहे का?
2. दिग्दर्शक कोण होते?
3. वर्तमानपत्राचा काही उल्लेख आहे का?
```

पहिल्याला उत्तर आलं, वहीतल्या वाक्यासकट. दुसऱ्याला नोंद नाही, तिसऱ्याला नोंद नाही. पोराचं तोंड उतरलं पण हेच खरं उत्तर होतं. बघा, 'का', 'कोण' हे प्रश्न उघडे ठेवलेत, आणि नाही म्हणायचं झालं तर नेमके कुठले शब्द वापरायचे तेही दिलेत. नुसतं 'खोटं सांगू नकोस' लिहून फारसं काही होत नाही, कारण आपण अंदाज करतोय हे मॉडेलला प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. वाक्य मागण्याचा फायदा तुमच्यासाठी आहे, ते वाक्य Ctrl+F ने मूळ मजकुरात शोधा, सापडलं नाही तर ते उत्तर बाद. सापडलं तरी साल आणि नाव एकाच प्रसंगाचं आहे ना ते डोळ्यांनी वाचा, १९५९चं साल आणि १९६४चा नट एकत्र बांधल्याचंही मी बघितलंय.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती म्हणजे उत्तर आल्यावर त्यालाच 'नक्की ना?' विचारून निर्धास्त होणं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात माटा विरुद्ध एव्हियांका या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल जोडले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. गंमत नाही, त्यातल्या एकाने 'हा निकाल खरा आहे का' असं त्यालाच विचारलं होतं, उत्तर आलं हो. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोकला. कधीकधी उलटही होतं, तुम्ही शंका घेतली की माफी मागून दुसरंच साल देतं, आणि पहिलं बरोबर असलं तरी सोडून देतं. दोन्हीकडे तुमच्या सुराला प्रतिसाद मिळतो, पडताळणी होत नाही. विचारायचंच असेल तर नवीन चॅट उघडा, आधीचं उत्तर दाखवू नका आणि तोच प्रश्न दोन-तीनदा विचारा. दर वेळी वेगळं नाव आलं तर अंदाज चाललाय हे समजा. तेच नाव परत आलं तरी खरं ठरत नाही हां, एकच चूक पुन्हापुन्हाही होते, शेवटी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन जुने अंक बघण्याला पर्याय नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'तू गोव्याचा थोर इतिहासकार आहेस' असं आधी लिहून ज्ञान वाढत नाही, भाषा तेवढी भारदस्त होते आणि खोटं आणखी खरं वाटतं. 'दहा संदर्भ दे' म्हणू नका, चारच माहीत असले तरी दहा भरून देईल, 'खात्रीचे असतील तेवढेच, एकही नसला तरी चालेल' असं लिहा. वेब सर्च चालू असला म्हणून सुटलात असंही नाही, लिंक उघडा, पान असतं पण त्यात ते वाक्य नसतं असं होतं.

आणि वहीच्या पानाचा फोटो टाकून वाचून घेणार असाल तर आधीच सांगा की न लागणारं अक्षर अंदाजाने भरू नकोस, तिथे [अस्पष्ट] लिही. नाहीतर पुसट झालेल्या आडनावाच्या जागी जवळपासचं कुठलंतरी नेहमीचं आडनाव येऊन बसतं, आणि ते इतकं सहज बसतं की प्रूफातही नजरेतून सुटतं. म्हणून नावं आणि सालं मी नेहमी मूळ पान शेजारी ठेवूनच ताडतो.