काचेवरचं व्हिन्येट कोणत्या देशाचं? म्युनिकच्या भाड्याच्या गाड्यांच्या यार्डातून

म्युनिकला शिकताना मी भाड्याच्या गाड्यांच्या यार्डात अर्धवेळ काम करायचो. गाडी परत आली की टाकी, ओरखडे आणि काचेवरचे स्टिकर बघायचे. पुढचा ग्राहक लगेच विचारतो, "हीच घेऊन ऑस्ट्रियात गेलो तर चालेल ना?" याचं उत्तर काच नीट वाचता आली तरच देता येतं. जर्मनीत स्वतः कारला महामार्गाचा टोल नाही, त्यामुळे इथल्या गाडीवर दिसणारं व्हिन्येट, म्हणजे महामार्गाचा टोल भरल्याचं स्टिकर, शेजारच्या देशाचं असतं.

सुरुवातीला जे व्हिन्येट नाहीत ते बाजूला काढा. गोल हिरवं, मोठा 4 आणि खाली हाताने लिहिलेला गाडीचा नंबर असेल तर ते जर्मन शहरांच्या प्रदूषण-क्षेत्राचं. टोलशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रियन नंबरच्या गाडीवर आणखी एक फसवं स्टिकर दिसतं. त्यातही महिना आणि वर्ष भोक पाडून दाखवलेलं असतं, पण ते गाडीच्या तांत्रिक तपासणीचं. त्यावर गाडीचा नंबर असतो, ही त्याची खूण. आणि ऑस्ट्रियन लोक दोघांनाही 'पिकर्ल'च म्हणतात, म्हणून फोनवर कुणी "पिकर्ल आहे" म्हणालं तर कुठलं ते विचारा.

आता खरं व्हिन्येट. नवशिक्याची नजर रंगावर जाते, आणि तिथेच गफलत होते. रंग दरवर्षी बदलतो. तो वर्ष सांगतो, देश नाही. ऑस्ट्रियाचं 2019 चं लिंबासारखं पिवळं होतं, 2020 चं आकाशी, 2021 चं हिरव्या सफरचंदासारखं. ही यादी पाठ असेल तर जुनं व्हिन्येट लांबूनच ओळखू येतं. पण देशासाठी रंग नको, तारीख कशी दाखवली आहे ते बघा.

स्वित्झर्लंड फक्त वार्षिक व्हिन्येट विकतं, 40 फ्रँकला. तिथे दहा दिवसांचा प्रकारच नाही, म्हणून भोकं पाडायचं कारण नाही. वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि स्विस क्रॉस असतो. ऑस्ट्रियात मात्र दहा दिवसांचं आणि दोन महिन्यांचं स्टिकरही मिळतं, आणि विकणारा त्यावर पहिल्या दिवसाची तारीख व महिना पंच करून देतो. तेव्हा टोलच्या स्टिकरला भोकं दिसली तर स्वित्झर्लंड बाद. भोकं नसली तर घाई करू नका, कारण ऑस्ट्रियाचं वार्षिकही पंच होत नाही. तिथे क्रॉस शोधायचा.

एक उदाहरण घेऊ. काचेवर चालू वर्षाचं ऑस्ट्रियन स्टिकर आहे, पंच 14 वर आणि 7 वर. दहा दिवसांचं असेल तर 14 जुलै हाच पहिला दिवस धरायचा, म्हणजे ते 23 जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत चालतं. बरेच जण 24 तारीख म्हणतात, ती चूक. तेच दोन महिन्यांचं असेल तर 14 सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणून भोकांच्या आधी प्रकार वाचा. वार्षिकाचा हिशेब वेगळा आहे: दोन्ही देशांत ते आदल्या वर्षाच्या 1 डिसेंबरपासून पुढच्या वर्षाच्या 31 जानेवारीपर्यंत, चौदा महिने चालतं. जानेवारीत गेल्या वर्षाचा आकडा दिसला म्हणून ग्राहकाला नवीन घ्यायला लावू नका.

स्टिकर काचेला थेट चिकटलेलं आहे का, हेही नखाने पाहा. त्यात मुद्दाम चिरा असतात, काढलं की फाटतं. सेलोटेपने लावलेलं किंवा दुसऱ्या गाडीवरून आणलेलं चालत नाही. उलट त्याच गाडीवर आधीच्या ग्राहकाने नीट लावलेलं स्टिकर पुढच्यालाही चालतं, कारण ते माणसाचं नसून गाडीचं असतं.

काच रिकामी दिसली म्हणजे टोल भरलेला नाही, असं मात्र नाही. ऑस्ट्रियात 2018 पासून, स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट 2023 पासून नंबरशी जोडलेलं डिजिटल व्हिन्येटही चालतं. चेकियाने 2021 पासून स्टिकर बंदच केलं, स्लोव्हेनियानेही त्यानंतर थोड्याच काळात. त्या दोघांचं स्टिकर आज काचेवर दिसलं तर ते जुनंच समजा.

व्हिन्येट ऑस्ट्रियाचं असलं तरी ब्रेनरच्या रस्त्यावर वेगळा टोल द्यावा लागतो. उलट जर्मन सीमेपासून कुफस्टाइन-स्यूडपर्यंत आणि ब्रेगेन्झजवळ होहेनेम्सपर्यंत कारला व्हिन्येट लागतच नाही. त्यामुळे लिंडाऊवरून झ्युरिचला निघालेला ग्राहक होहेनेम्सला उतरून सीमा ओलांडणार असेल, तर काचेवर फक्त स्विस स्टिकर असलं तरी पुरतं.