गणित मंडळाच्या कार्यक्रमात सायकलच्या चाकावरून आयगनव्हेक्टर कसा सांगायचा

२२ डिसेंबरला गणित दिन, म्हणजे शाळाशाळांत भाषणं, आणि दरवर्षी त्याच रामानुजनच्या गोष्टी. माझ्या भाचीला नववीत असताना काहीतरी वेगळं हवं होतं म्हणून आम्ही फिरणाऱ्या चाकावरून आयगनव्हेक्टर, म्हणजे फिरवलं-ताणलं तरी आपली रेष न सोडणारा बाण, हा विषय घेतला आणि पहिल्या तालमीतच तोंडावर आपटलो. तिने सायकलचं पुढचं चाक हातात धरलं, गरगर फिरवलं आणि म्हणाली, बघा, सगळं फिरतंय पण मधला एक्सल स्थिर आहे. समोर बसलेला तिचा धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "अगं तो फिरणारच नाही ना, तू नट घट्ट धरलायस, मधे बेअरिंग आहे."

पोरगं बरोबर होतं! सायकलचा एक्सल चाकाला जोडलेलाच नसतो, तो फोर्कला कसलेला असतो. त्यामुळे एक्सल दाखवून गणित सांगितलं तर ते गणित नाही, मेकॅनिकची गोष्ट होते. आपल्याला चाकाचाच भाग असलेला, चाकाबरोबर फिरणारा, तरीही दिशा न बदलणारा बाण हवाय. तो असा करायचा.

आधी चाक तयार करा. पुढचंच चाक घ्या, मागच्याला फ्रीव्हील आणि ग्रीस असतं, युनिफॉर्मची वाट लागते. तीन पेन्सिलींना टोकाशी पुठ्ठ्याचे बाण लावा. निळी पेन्सिल एका स्पोकला समांतर बांधा. लाल पेन्सिल रिमजवळ स्पोकमधून आरपार घाला, म्हणजे ती एक्सलला समांतर राहील, आणि दोन्ही बाजूंनी रबरबँड मारून घट्ट करा. पिवळी तशीच आरपार पण तिरकी. लाल पेन्सिल मुद्दाम मधे न लावता रिमपाशी लावायची, त्याचं कारण आता येतंय.

मग चाक हळू फिरवा. अगदी हळू, एका वेळी पाव फेरा. जोरात फिरवलं आणि हात जरा वाकडा केला की चाक हाताला भलत्याच दिशेला हिसका देतं, मुलं त्यावरच टाळ्या वाजवतात आणि तुमचा विषय गेला, कारण ती जायरोस्कोपची गंमत आहे, वेगळीच. आणि चाक जमिनीवरून घरंगळवू नका, तेव्हा एक्सलसकट सगळंच पुढे जातं. प्रेक्षकांकडे थोडं तिरकं धरा, नाहीतर लाल बाण नुसता ठिपका दिसतो.

इथे बोलायचं साधारण असं: "आधी बघा, निळा बाण वर. मी चाक पाव फेरा फिरवते. आता निळा आडवा झाला, त्याची दिशा बदलली. पिवळा पण दुसरीकडे बघायला लागला. लाल बघा. त्याची जागा बदलली, वर होता तो बाजूला आला, पण तो मघाशी जिकडे बघत होता तिकडेच बघतोय."

ही जागा आणि दिशा यातली तफावत हाच भाषणाचा जीव आहे, इथे घाई नको, दोनतीनदा फिरवून दाखवा. नाहीतर मुलं "मधला बिंदू हलत नाही म्हणून तो आयगनव्हेक्टर" असं घेऊन घरी जातात. बिंदूचा प्रश्नच नाही, दिशेचा आहे. एखादी ठरलेली क्रिया करायची, इथे पाव फेरा, आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवून विचारायचं की कुठला बाण अजून त्याच रेषेवर आहे. जो आहे तो त्या क्रियेचा आयगनव्हेक्टर. आयगन हा जर्मन शब्द, अर्थ "स्वतःचा".

फळा असेल तर एकच ओळ लिहा. एक्सलच्या जागी उभा z अक्ष धरला तर त्याभोवती पाव फेरा म्हणजे (x, y, z) → (−y, x, z). यात (0, 0, 1) घातलं की (0, 0, 1) च येतं, आणि (1, 0, 0) घातलं की (0, 1, 0), म्हणजे दिशा बदलली. बास, याहून जास्त फळा नको.

आता रुबिक क्यूब काढा, कारण इथवर एखादा म्हणेल की अक्ष तर दिसतोच, यात शोधायचं काय. क्यूबचे थर फिरवायचे नाहीत, अख्खा क्यूब टेबलावर ठेवायचा. आधी तो वरून बघताना घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. मग उजवीकडे कलंडवा, म्हणजे वरची बाजू उजवीकडे आली पाहिजे. दोन वेगळ्या अक्षांभोवती दोन फेरे झाले. विचारा, या दोन्हींचा मिळून अक्ष कुठला? कोणी म्हणेल उभा, कोणी आडवा, दोन्ही चूक.

सुरुवातीला तुमच्यापासून लांबचा, उजवीकडचा, वरचा जो कोपरा होता त्यावर टिकली लावून ठेवा. दोन्ही हालचालींनंतर टिकली परत त्याच जागी! त्या कोपऱ्याचे तीन रंग मात्र आपापसात जागा बदलून बसलेले. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आतून जाणारी तिरकी रेषा हाच लपलेला अक्ष. आकड्यांत बघायचं तर, x उजवीकडे, y तुमच्यापासून लांब आणि z वर धरून, दोन्ही मिळून (x, y, z) → (z, x, y) होतं, आणि (1, 1, 1) जसाच्या तसा राहतो. हीच जोडी एकूण तीनदा करा, अख्खा क्यूब मूळ स्थितीत येतो, कारण प्रत्येक जोडी म्हणजे त्या तिरक्या रेषेभोवती 120 अंश. गणितज्ञ ऑयलरने 1775 साली दाखवलं की मध्य जागेवर ठेवून चेंडू कसाही, कितीही वेळा फिरवा, शेवटी एक तरी व्यास होता तिथेच सापडतो. हे वाक्य क्यूबच्या नंतरच बोला, आधी बोललात तर कोणाला काही वाटत नाही.

(तालीम घरी दहा वेळा करा. भाची स्टेजवर आधी कलंडवून मग फिरवून बसली, टिकली भलतीकडे. क्रम बदलला की अक्षच बदलतो, तेव्हा दुसराच कोपरा जागेवर राहतो. तिने तेच सांगून वेळ मारून नेली, खरं तर तोच भाग लोकांना जास्त आवडला.)

शेवटी इलॅस्टिक. हे गाळलंत तर मुलांना वाटतं आयगनव्हेक्टर म्हणजे न बदलणारा बाण. तसं नाही, लांबी बदलली तरी चालते, रेष सुटता कामा नये. शिंप्याकडचं रुंद इलॅस्टिक घ्या, त्यावर लांबीच्या दिशेने 4 सेंमीचा एक बाण आणि शेजारी एक तिरका बाण काढा. ताणून पहिला बाण 8 सेंमी करा. तो त्याच रेषेवर आहे, दुप्पट झाला, तर त्याची आयगनव्हॅल्यू, म्हणजे बाण किती पट झाला तो आकडा, 2. तिरका मात्र ताणाच्या दिशेला झुकलेला दिसेल, म्हणून तो बाद. चाकावरच्या लाल बाणाची आयगनव्हॅल्यू 1, कारण लांबीही तीच.

प्रश्नोत्तरात हमखास येणारा प्रश्न: चाक अर्धा फेरा फिरवलं तर निळा बाण बरोबर उलटा होतो, मग तो धरायचा का? धरायचा. रेष तीच, तोंड उलटं, म्हणून आयगनव्हॅल्यू −1. आणि पूर्ण फेरा मारला तर? मग प्रत्येकच बाण जागच्या जागी, प्रत्येकच आयगनव्हेक्टर. म्हणूनच सगळं पाव फेऱ्यावर करायचं.