डिझेलवर संशय आलाय? पंपाला पत्र असं लिहा

स्कूल बसच्या वॉटर सेपरेटरमधून सारखं पाणी निघत असेल तर पंपावर जाऊन भांडू नका, मालकाला लेखी द्या. भेसळ, चोरी असले शब्द नकोत, समोरचा लगेच हात वर करतो. एवढंच लिहा:

"नमस्कार शेठ, 12 तारखेला सकाळी तुमच्याकडे 60 लिटर भरलं (बिल सोबत), दुसऱ्या दिवशी पोरं बसलेली असताना गाडी बंद पडली, सेपरेटरमधून पाणी निघालं. त्या दिवसाचं डेन्सिटी रजिस्टर, टँकरच्या चलनावरची डेन्सिटी आणि टाकीतल्या पाणी तपासणीची नोंद दाखवा, कॉपी द्या."

दोन्ही डेन्सिटी 15 अंश सेल्सिअसच्याच बघा, फरक 3 किलो प्रति घनमीटरपर्यंत चालतो. समजा चलनावर 828.4 आणि रजिस्टरात 833.1, म्हणजे फरक 4.7, इथे जाब विचारायचा. पण डेन्सिटी जुळली म्हणून पाणी नाही असं नसतं हां, ते पंपाच्या टाकीच्या तळाशी बसतं, म्हणून डिप रॉडला पेस्ट लावून बघतात, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. ही नोंद सोडू नका. आणि पत्र मिळाल्याची सही-शिक्का आपल्या कॉपीवर घ्याच.