एसी सुरू होताच एमसीबी पडायचा: कारण आणि उपाय

दीड टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) स्प्लिट एसी. पंखा व्यवस्थित फिरायचा, पण कॉम्प्रेसर लागला की त्याच क्षणी एमसीबी खाली.

एमसीबीवर B10 छापलेलं होतं, म्हणजे B प्रकारचा, 10 अँपिअरचा. हा कॉम्प्रेसर चालताना ओढतो जेमतेम 8 अँपिअर, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट, म्हणजे 40 ते 48. B प्रकार त्याच्यावर छापलेल्या अँपिअरच्या तीन ते पाचपटीला लगेच पडतो, म्हणजे इथे 30 ते 50 अँपिअरला. C प्रकार पाच ते दहापटीला पडतो. C16 असेल तर 80 च्या खाली तो झटका सोसतो.

कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करून काही सेकंदांनी एमसीबी पडत असेल, तर मात्र आधी कपॅसिटर तपासा.

नुसता C16 लावून भागलं नसतं, कारण भिंतीतली वायर 1.5 चौरस मिमीची आणि सॉकेट 6 अँपिअरचं निघालं. एमसीबी वायर वाचवायला असतो. 32 चा बसवला की पडायचा थांबतो खरा, पण आधी वायर तापते. म्हणून बोर्डापासून स्वतंत्र 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर ओढली, अर्थिंगसकट, आणि 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं. अंतर लांब असेल तर 4 चौरस मिमी घ्या, नाहीतर सुरू होताना व्होल्टेज पडतं.

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करूनच जुनं सॉकेट उघडलं. आतला प्लास्टिकचा भाग तपकिरी पडला होता.